मातीचं घर, कौलारू छप्पर आणि उंदीर-साप-वाळवी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीला आणि मे महिन्यात मुंबईहून माणसं घरी आली, की आमच्या वाडीत हेच प्रश्न निघतात. वर्षभर बंद असलेलं घर उघडावं तर माळ्यावर लेंड्या, कोपऱ्यात सापाची कात आणि वाशांखालच्या भालेवर वाळवीची माती. मी स्वतःच्या आणि नात्यातल्या घरांच्या दुरुस्त्या गवंडी-सुतारांच्या बरोबरीने उभं राहून केल्या आहेत. त्यातून जे कळलं, ते इथे लिहितो. जांभ्याच्या जोत्यावर मातीच्या भिंती आणि वर कौलं किंवा झाप, अशा कोकणातल्या घरांपुरतंच हे आहे.

उंदीर, साप, वाळवी तिन्ही आहेत. सुरुवात कुठून करू?

पाण्यापासून. आधी घराच्या मागच्या बाजूला जा आणि न्हाणीचं पाणी, भांडी घासायच्या जागेचं पाणी आणि पागोळ्यांचं पाणी कुठे जातं ते बघा. मातीच्या भिंतीचा खालचा हात-दीड हात सतत ओला राहिला, की तिथली माती मऊ होते. मऊ मातीत उंदीर पोखरतो, ओल्या मातीतून वाळवी वर चढते आणि उंदराने केलेल्या वाटेने साप आत येतो. तिघांची वाट बहुतेक वेळा एकाच भिंतीतून जाते आणि ती भिंत न्हाणीची असते.

म्हणून क्रम असा ठेवा: पाणी, मग भिंतीचा पाया, मग भिंतीचा माथा आणि गिलावा सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतात. गणपतीच्या तोंडावर भिंत दिसायला बरी दिसावी म्हणून आधी गिलावा करतात आणि आतलं सगळं तसंच राहतं.

साप घरात नेमका कशाला येतो?

खायला आणि लपायला. आपल्याकडचे साप सहसा स्वतः बीळ खणत नाहीत, ते उंदीर-घुशीचं बीळ नाहीतर वारूळ वापरतात. नाग, धामण, घोणस उंदरांमागे येतात. मण्यार उंदरांबरोबर पाली आणि दुसरे लहान सापही खाते, त्यामुळे उंदीर संपले म्हणजे मण्यार येणारच नाही, असं मी सांगणार नाही. पण दिवसभर दडून बसायला तिला भिंतीतली पोकळी लागते आणि ती पोकळी आपण बंद करू शकतो. फुरसं जास्त करून जांभ्याच्या सड्यावर, दगडांच्या ढिगात आणि गडग्यात असतं. घराला लागून चिऱ्यांचा किंवा जुन्या कौलांचा ढीग रचून ठेवला असेल, तर तो सड्याचा तुकडाच घराला चिकटवल्यासारखं होतं.

मागची भिंत सारखी पडते. सिमेंटचा गिलावा करून टाकला तर उंदीर बंद होतील ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेकांनी तो उद्योग आधीच केलेला असतो. उत्तर नाही असं आहे आणि कारण नीट समजून घेण्यासारखं आहे.

मातीची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि थोडी फुगते, उन्हाळ्यात ती सुकते आणि थोडी आकसते. सिमेंटचा थर तिच्याबरोबर हलत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत दोघांची पकड सुटते. बाहेरून भिंत गुळगुळीत आणि धड दिसते, पण आत सिमेंट आणि माती यांच्यात बोटभर रुंदीची फट पडलेली असते. जमिनीतून वर चढलेली ओल पूर्वी भिंतीच्या अंगातून उडून जायची, ती आता सिमेंटमागे अडते. म्हणजे आपण ओली, अंधारी आणि बाहेरून कडक कवच असलेली अशी जागा तयार करून देतो. उंदराला याहून चांगलं घर मिळणार नाही, आणि वाळवीलाही.

ओळखायचं कसं? एक नाणं घ्या आणि त्याने भिंत वाजवत चला. भरीव जागी आवाज बद्द येतो, सुटलेल्या जागी पोकळ. पोकळ जागेभोवती खडूने रेघ मारत गेलात, की अर्ध्या तासात भिंतीचा नकाशा मिळतो. मावशीच्या घरी असाच नकाशा काढला होता, तो पुढे सांगतो.

प्रत्यक्ष एखाद्या घराचं उदाहरण सांगाल का?

मावशीचं घर राजापूर तालुक्यात आहे. जांभ्याचं जोतं, वर मातीच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मागे न्हाणी. मागची भिंत २४ फुटांची. आठेक वर्षांपूर्वी एका गवंड्याने ती जमिनीपासून तीन फुटांपर्यंत सिमेंटने गिलावून दिली होती. तेव्हापासून माजघरात उंदीर वाढले आणि एका श्रावणात तांदळाच्या पिंपामागे मण्यार निघाली. सर्पमित्राने ती पकडून नेली. त्या रात्रीपासून मावशी लाकडी पलंगावर मच्छरदाणी लावून झोपायला लागली, पण झोप काही लागेना.

फेब्रुवारीत आम्ही भिंत वाजवली. चोवीसपैकी जवळजवळ सतरा फूट पोकळ. न्हाणीच्या मोरीपासून सुरुवात करून छिन्नीने सिमेंट काढलं, तर ते पापडासारखं मोठमोठ्या तुकड्यांत सुटून आलं. मागे भिंतीच्या अंगात हाताच्या पंजाएवढं रुंद भुयार होतं. त्यात पेंढा, फाटक्या पोत्याचे धागे, काजूची टरफलं आणि एक जुनी कात. भुयार मोरीच्या बाजूने सुरू होऊन भिंतीतून तिरकं वर गेलं होतं आणि थेट भिंतीच्या माथ्यावर, भालेखाली उघडत होतं. म्हणजे जमिनीवरून शिरायचं आणि माळ्यावर निघायचं, सगळा प्रवास भिंतीच्या आतून. त्याच भुयाराच्या कडेने वाळवीची माती वर चढलेली होती. भाल आंब्याच्या लाकडाची होती. वरून टोचली तर टणक, खालून टोचली तर स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. सहा फूट लांबी नुसती सालपटावर उभी होती.

पहिल्यांदा मोरीचं पाणी पाइपने बारा फूट लांब केळीच्या आळ्यात सोडलं आणि भिंत महिनाभर उघडी ठेवून सुकू दिली. हा महिना चुकवू नका. ओल्या भिंतीवर केलेलं काहीही टिकत नाही. पुढचं काम प्रश्नांच्या ओघात येईलच.

उंदरांची बिळं कशी बुजवायची? दर वेळी बुजवतो आणि दर वेळी उघडतात.

कारण राहती आणि सोडलेली बिळं एकाच वेळी, एकाच मातीने बुजवली जातात. संध्याकाळी घराभोवतीची सगळी बिळं ओल्या मातीने नुसती लिंपा. सकाळी जी उघडलेली दिसतील, ती राहती. आतल्या बाजूला भिंतीच्या कडेने रांगोळीची पातळ रेघ टाका, सकाळी पावलांवरून वाट कळते. उंदीर रोज त्याच वाटेने जातो आणि तिथे भिंतीवर त्याच्या अंगाचा काळपट, तेलकट पट्टा उमटतो. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा मोठा उकीर असेल आणि तोंड मुठीएवढं असेल, तर ती घूस समजा.

आधी सापळे लावा. उंदीर सापडायचे थांबले, रांगोळी दोन-तीन दिवस स्वच्छ राहिली, मगच कायमचं बुजवा. उंदीर आत असताना तोंड बंद केलं तर तो दुसरीकडून पोखरून बाहेर येतो, नाहीतर आत मरतो आणि पंधरा दिवस घरात बसवत नाही. सापळे हाताळताना, लेंड्या काढताना हातमोजे घाला आणि झाडण्याआधी जागा ओली करा. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो आणि कोकणात तो पावसाळ्यात नवा नाही.

बिळात हात कधीही घालू नका. बॅटरीचा उजेड आणि लांब काठी, एवढंच. आत साप दिसला तर काम थांबवा. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे, गावातला सर्पमित्र माहीत असेल तर उत्तमच.

राहत्या बिळात दगडाचे किंवा फुटक्या कौलांचे तुकडे ठोकून बसवा, वरून जाळीचा गोळा दाबा आणि मग माती-चुना भरा. नुसती माती त्याच रात्री उघडते. फोमही भरू नका, उंदीर तो कुरतडून काढतो.

पायाशी जाळी लावा म्हणतात. कोणती आणि कशी?

पाव इंची चौकोनाची, जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी जाळी. पाऊण इंची फटीतून बऱ्यापैकी मोठा उंदीर जातो आणि अर्ध्या इंची फटीतून उंदराचं छोटं पिल्लूही घुसतं. प्लास्टिकची जाळी उंदीर कुरतडतो, मच्छरजाळी तर बघता बघता फाडतो.

मावशीच्या भिंतीला तीन फूट रुंदीच्या जाळीचा २४ फुटांचा तुकडा लागला. त्याची घडी अशी घातली: एक फूट भिंतीवर, म्हणजे पुढे येणाऱ्या गिलाव्याखाली, एक फूट सरळ जमिनीत खाली आणि शेवटचा एक फूट घरापासून बाहेरच्या दिशेला आडवा वळवला. हा आडवा फूट महत्त्वाचा. उंदीर आणि घूस भिंतीला चिकटूनच खणतात, खाली जाळी लागली की भिंतीच्या कडेकडेने सरकतात, पण मागे एक फूट हटून पुन्हा खणायला सुरुवात सहसा करत नाहीत.

चर खणताना जांभ्याचं जोतं उघडं पडतं. चिऱ्यांमधले मातीचे सांधे पोखरलेले दिसले तर ते खरवडून चुना-रेतीने भरून घ्या. आणि मोरीच्या तोंडाला जाळी विसरू नका. सगळ्या भिंतीची तटबंदी करून मोरी उघडी ठेवलेली घरं मी बघितली आहेत.

भिंतीच्या माथ्याचं काय? तिथे तर वासेच बाहेर जातात.

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात, पण वळचणीचा उंदीर जातो. माथा, वासे आणि कौलं यांच्यात जी फट असते, ती मातीच्या घराची दुसरी दारं आहेत. काळा उंदीर चढण्यात पटाईत असतो. आंब्याची फांदी, वीजमीटरची वायर, कुंपणाची वेल, काहीही त्याला पुरतं. म्हणून पहिलं काम फांद्या कापण्याचं, छपरापासून सहा-सात फूट लांब. घरावर झुकलेला माड तोडवत नसेल तर त्याच्या खोडाला माणसाच्या डोक्याच्या वर दीड फूट रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळा.

मग फटी. दर दोन वाशांमध्ये एक खिडकी असते. ती मातीने किंवा विटेने बुजवू नका. या फटींतून घर श्वास घेतं, छपराची ओल सुकते. तिथे जाळी बसवायची, म्हणजे वारा जाईल आणि उंदीर अडेल. जाळीचा तुकडा फटीपेक्षा दोन-दोन इंच मोठा कापून खाली भालेला आणि बाजूंना वाशांना चुका मारून बसवा, वरची कड रिपेला. कौलाच्या लाटेखाली उरणाऱ्या छोट्या चंद्रकोरी चुन्याच्या गोळ्याने भरा. मावशीकडे अशा बारा खिडक्या होत्या. हाताखालच्या पोरासह एक सुतार दोन दिवसांत उरकून गेला.

पूर्वी चुलीचा धूर रोज याच फटींतून आणि कौलांतून बाहेर जायचा. लाकूड कोरडं राहायचं आणि त्यावर काजळीचा थर बसायचा. गॅस आला, डोळ्यांचा आणि छातीचा त्रास गेला, ते चांगलंच झालं. पण वरचं लाकूड आता आपोआप सुकत नाही, ते मुद्दाम बघावं लागतं.

कौलं बदलू का? नळीची काढून मंगलोरी घालावीत का?

नळीच्या कौलांचे थर जास्त, फटी जास्त, आणि माकडाच्या नुसत्या उडीनेही ती सरकतात. मंगलोरी कौल खाचेत बसतं, त्यामुळे फटी कमी. ही कौलं १८६५ मध्ये मंगळूरला बासेल मिशनच्या कारखान्यात बनू लागली आणि पुढे आपल्या किनारपट्टीभर पसरली. नळीची कौलं चांगली असतील तर नुसत्या उंदरांसाठी ती बदलू नका. दर वर्षी मे महिन्यात चाळून घ्या, फुटकी काढा आणि वरची जाळी नीट ठेवा. मात्र आढ्यावरच्या कोन्याच्या कौलांखाली हात फिरवण्याआधी काठी फिरवा. तिथे कोरडं आणि उबदार असतं, उंदराचं घरटं हमखास तिथेच.

वाळवी नेमकी कुठून येते? भिंतीवर तर तिची माती दिसत नाही.

सिमेंटच्या घरात वाळवी भिंतीवरून मातीची नळी करत चढते, म्हणून दिसते. मातीच्या घरात तिला नळी करायची गरजच नसते. ती भिंतीच्या आतून चढते आणि थेट लाकूड जिथे भिंतीला टेकतं तिथे बाहेर पडते. चौकटीचा पाय, भिंतीत घुसवलेलं तुळईचं टोक आणि भालेची खालची बाजू, या तीन जागा टोचून बघा. लाकूड ठोकल्यावर कागदी आवाज आला, तर आत फक्त साल उरली आहे. पहिल्या पावसानंतर दिव्याखाली पंखांचा खच पडला, तर ते पंख घरातल्याच फटीतून निघताहेत का ते बघा. तसं असेल तर वाळवी भिंतीतच आहे.

मग औषध मारून घेऊ का?

विहीर कुठे आहे ते आधी सांगा. जांभा सच्छिद्र असतो, त्यातून पाणी झरझर उतरतं. भिंतीच्या पायाशी ओतलेलं वाळवीचं औषध पावसाळ्यात विहिरीत जाऊ शकतं. घराजवळ विहीर किंवा बोअर असेल तर जमिनीत औषध ओतायला माझा ठाम विरोध आहे. विहीर खूप लांब असेल आणि करायचंच असेल, तर परवानाधारक माणसाकडून करून घ्या. भिंत आणि जमीन मिळते तिथे फूट-फूट अंतरावर तिरकी भोकं पाडून मोजून औषध भरतात. जो माणूस नुसता पंपाने भिंतीवर फवारा मारून जाईल, त्याचे पैसे वाया गेले असं समजा.

मावशीची विहीर मागच्या भिंतीपासून पंचवीस फुटांवर. म्हणून आम्ही औषध टाळलं आणि लाकूड मातीपासून तोडलं. दोन-दोन वासे ठेप्यांवर उचलून धरले, सडलेली भाल काढली, भिंतीचा माथा चुन्यात एक थर चिरे लावून सपाट केला, त्यावर जस्ती पत्रा अंथरला. पत्रा भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच बाहेर काढून खाली तिरका वाकवला. त्यावर नवी भाल. पत्र्याने वाळवी मरत नाही. ती पत्र्याला वळसा घालून नळी बांधू शकते. पण आता तिला उघड्यावर यावं लागतं आणि आपल्याला ती दिसते. दुसऱ्या पावसाळ्यात मावशीला पत्र्याच्या कडेला पेन्सिलएवढी मातीची नळी दिसली. तिने खराट्याने मोडली, आठवड्याने पुन्हा आली, पुन्हा मोडली. भालेपर्यंत ती अजून पोचलेली नाही.

नवीन लाकूड कोणतं घालू?

जुन्या फणसाचं किंवा सागाचं गाभ्याचं लाकूड. पांढरं, बाहेरचं लाकूड कुठल्याही झाडाचं असो, वाळवी खातेच. आंबा स्वस्त मिळतो, पण भिंतीला टेकणाऱ्या जागी नको. टोकांना काजूच्या टरफलाचं तेल दोन-तीन हात द्या. कोकणात हा जुना उपाय आहे आणि चालतो, पण ते तेल कातडी जाळतं, म्हणून हातमोजे घालून, ब्रशने आणि मुलांना लांब ठेवून. बांबूच्या रिपा असतील तर तोडल्यावर दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून मग सावलीत सुकवा. त्याने टोका कमी लागतो, वाळवीवर मात्र त्याचा भरवसा नाही.

गिलाव्याची माती कशी करायची?

जुन्या बायकांना हे हाताने कळायचं, आपल्याला करून बघावं लागतं. वरची काळपट, मुळं असलेली माती बाजूला करून खालची लाल माती घ्या आणि चाळा. त्यात रेती. समुद्राची किंवा खाडीची रेती घेऊ नका. मीठ ओल ओढतं आणि गिलावा कधीच नीट सुकत नाही. पेंढ्याऐवजी भाताचा तूस घ्या, कारण लांब पेंढा वाळवीला खाऊ होतो आणि त्यात दाणे राहिले तर उंदरालाही. पाणी घालून तुडवा आणि आठ दिवस झाकून कुजू द्या, रोज एकदा पाणी घालून फिरवा.

प्रमाण पुस्तकातून घेऊ नका, प्रत्येक गावची माती वेगळी. एका भागाला एक, दीड आणि दोन भाग रेती घालून तीन तुकडे भिंतीवर हातभर थापा आणि पाच दिवस थांबा. नख जाईल अशा भेगा पडल्या तर रेती कमी. बोट फिरवलं आणि भुकटी निघाली तर रेती जास्त. मावशीकडे दीडचा तुकडा बसला.

खालच्या अडीच-तीन फुटांसाठी दहा घमेल्यांना एक घमेलं भिजवलेला चुना घातला आणि तो भाग ओल्या पोत्यांनी आठ दिवस झाकून ठेवला. चुन्याने माती पाण्याला टिकते आणि तरीही ओल अडवत नाही. थर अर्ध्या-पाऊण इंचाचा, दोन वेळा. वरून शेणाचं सारवण. एप्रिलअखेर हे सगळं संपलं पाहिजे. मे महिन्याच्या शेवटी थापलेला गिलावा आतून ओला राहतो आणि पहिल्या जोरदार सरीला उतरतो.

आमच्या मांगराचं छप्पर झापांचं आहे. त्याला काही वेगळं?

झाप दर वर्षी-दोन वर्षांनी बदलायचे असतात, तेच त्यांचं बलस्थान. जुन्यावर नवीन झाप टाकण्याची सवय सोडा. खालचे कुजलेले थर म्हणजे उंदरांचं गोकुळ. सगळं उतरवा, वासे तपासा, मग शाकारा. पेंढ्याने शाकारत असाल तर तो नीट झोडलेला हवा. भाताची उडवी आणि लाकडांचा ढीग घरापासून किमान वीस-पंचवीस फूट ठेवा.

उंदराचं औषध ठेवलं तर?

शेवटचा उपाय म्हणून, बंद पेटीत आणि बाहेर. माळ्यावर नको. औषध खाल्लेला उंदीर भिंतीत मरतो, आणि तो मांजराने, घुबडाने किंवा कुत्र्याने खाल्ला तर त्यांनाही बाधू शकतं. भिंत बंद न करता औषध ठेवाल तर दोन-तीन महिन्यांत नवे उंदीर त्याच भुयारात येतात.

फिनेल, लसूण, गंधक टाकून साप येत नाहीत का?

त्यावर भरवसा ठेवू नका. फिनेल टाकलं म्हणून रात्री निर्धास्त जमिनीवर झोपणारी माणसं मी बघितली आहेत, आणि खरी भीती तीच आहे.

भिंत होईपर्यंत रात्री काय काळजी घ्यावी?

जमिनीवर झोपू नका. पलंग भिंतीपासून थोडा लांब, मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली, पांघरूण जमिनीला टेकलेलं नको. मण्यारीचा दंश बहुतेक झोपेत होतो आणि तो दुखतही नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, गिळायला त्रास, बोबडं बोलणं, यांतलं काही दिसलं तर साप बघितला नसला तरी माणसाला न चालवता ताबडतोब रुग्णालयात न्या. १०८ ला फोन करा. दोरी आवळू नका, जखम कापू नका, मंत्र-मांत्रिकात वेळ घालवू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही.

पांढऱ्या पट्ट्यांचा प्रत्येक साप मण्यार नसतो, कवड्याही तसाच दिसतो आणि तो बिनविषारी आहे. पण अंधारात हा फरक ओळखायला जवळ जाऊ नका. मावशीच्या पडवीत पुढच्या पावसाळ्यात एक साप दिसला, सर्पमित्राने बघून कवड्या म्हणून सांगितलं. पाली खायला आला होता.

दुरुस्ती करूच नये, अशी भिंत कोणती?

पोट काढलेली भिंत. ओळंबा सोडून बघा. माथा आणि पाया यांच्यात मध्येच भिंत दोन इंचांहून जास्त बाहेर आली असेल किंवा कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत हात जाईल अशी चीर असेल, तर तिला खालून चर खणू नका, जाळी लावायला जाऊ नका. आधी छप्पर ठेप्यांवर घ्या आणि भिंत उतरवून नव्याने बांधा.

एवढं केल्यावर पुन्हा कधी बघायचं?

वर्षातून दोनदा. मे महिन्यात कौलं चाळताना माथ्याच्या जाळ्या आणि पत्र्याच्या कडा बघा. दिवाळीनंतर भात घरात येतं, तेव्हा पायाकडे बघा, नाणं वाजवा आणि एक रात्र रांगोळीची रेघ टाका. मावशीच्या माजघरात गेल्या दिवाळीला टाकलेली रेघ सकाळी तशीच होती. फक्त एका जागी पालीच्या शेपटीची बारीक नागमोडी ओळ उमटलेली.